ऑक्सिजन असूनही आंबवणारी पेशी

फोंड्यातल्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज पुन्हा फिरतोय: कॅन्सरच्या रुग्णाचा भात, गूळ, साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल. पुरावा म्हणून खाली पेट स्कॅनचं चित्र, त्यात गाठ लखलखतेय. चित्र खरं आहे. स्कॅनआधी ग्लुकोजसारखा, किरणोत्सारी फ्लोरिन लावलेला पदार्थ शिरेतून देतात. पेशी तो आत ओढते, त्याला फॉस्फेट चिकटवते, पण पुढची पायरी जमत नाही म्हणून तो तिथंच अडकून राहतो. गाठ नेहमीच्या ऊतींपेक्षा कितीतरी जास्त ग्लुकोज ओढते, म्हणून ती चमकते. मेंदूही त्याच कारणानं चमकतो.

पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. माणूस उपाशी राहिला तरी यकृत रक्तातली साखर खाली पडू देत नाही. साठा संपला की स्नायूंतली प्रथिनं मोडून ग्लुकोज तयार करतं. म्हणजे गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो आणि आधीच वजन घटत चाललेल्या रुग्णाचे स्नायू झिजतात. असे सल्ले पुढे पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे. गाठ एवढ्या ग्लुकोजचं करते काय?

1920 च्या दशकात बर्लिनमध्ये ऑटो वॉरबर्ग या जीवरसायनशास्त्रज्ञानं उंदरांच्या गाठींचे अगदी पातळ काप बायकार्बोनेटच्या द्रावणात ठेवले आणि काचेच्या बंद भांड्यातला वायूचा दाब मोजला. लॅक्टिक आम्ल सुटलं की बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि दाब वाढतो. भांड्यात ऑक्सिजन भरपूर होता, तरी आम्ल तयार होतच राहिलं. शाळेत आपण शिकतो की ऑक्सिजन कमी पडला की स्नायू लॅक्टिक आम्ल बनवतात. इथं तर ऑक्सिजन होता. शिवाय हिशोबही तोट्याचा: ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जाळला तर पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे साधारण 30 रेणू मिळतात, आंबवला, म्हणजे लॅक्टिक आम्लापर्यंतच फोडला, तर फक्त 2. वॉरबर्गनं अर्थ लावला की या पेशींचं श्वसनच, म्हणजे ऑक्सिजननं ग्लुकोज जाळणंच, बिघडलेलं असणार. पुढं कळलं की हे श्वसन पेशीत जिथं चालतं त्या मायटोकाँड्रिया बहुतेक गाठींत नीट चालतात. पेशी श्वसनही करते आणि आंबवतेही.

माझ्या मते याचं सगळ्यात पटणारं उत्तर एनएडी नावाच्या छोट्या रेणूत आहे. ग्लुकोज फोडताना निघणारे इलेक्ट्रॉन हा रेणू उचलतो. उचलले की तो भरतो, आणि रिकामा झाल्याशिवाय पुन्हा कामाला येत नाही. पेशीत एनएडी मोजकंच असतं, म्हणून ते सतत रिकामं होत राहिलं पाहिजे. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस फेणीसाठी आंबत ठेवतात तेव्हा त्यातलं यीस्ट हेच करत असतं. दारू बनवताना यीस्टचं एनएडी मोकळं होतं, लॅक्टिक आम्ल बनवताना गाठीच्या पेशीचं. साखर मुबलक असेल तर यीस्टसुद्धा ऑक्सिजन असताना आंबवतं.

मायटोकाँड्रियाही एनएडी रिकामं करतात, पण एका अटीवर. त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन वाहतात तेव्हा आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साचतात, आणि ते परत येताना एटीपी बनतं. एटीपी खर्च झालं नाही तर प्रोटॉन तुंबतात आणि इलेक्ट्रॉनांची वाट मंदावते. सतत विभागणाऱ्या पेशीला एटीपी लागतंच, पण डीएनएचे घटक आणि काही अमिनो आम्लं घडवायला रिकामं एनएडी त्याहूनही जास्त लागतं. नुसत्या श्वसनावर विसंबलं तर एटीपी पुरेसं असल्यामुळेच एनएडी अडकून पडेल. लॅक्टिक आम्लाच्या वाटेला ही अट नाही. एटीपी खपो न खपो, एनएडी मोकळं होतं.

हे तपासता येतं. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या मॅथ्यू व्हँडर हायडन यांच्या गटानं 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत औषध देऊन पेशींचं आंबवणं कमी केलं आणि ग्लुकोजचा माल मायटोकाँड्रियाकडे वळवला. इंधन चांगलं जळूनही पेशींची वाढ मंदावली. मग मायटोकाँड्रियाच्या पडद्यातून प्रोटॉन गळू देणारं रसायन घातलं. त्यानं एटीपी कमी बनतं, म्हणजे पेशीचं नुकसानच व्हायला हवं. उलट तुंबलेली वाट मोकळी झाली आणि वाढ पुन्हा सुधारली. उणीव एटीपीची नव्हती, रिकाम्या एनएडीची होती.

सगळ्याच गाठी सारख्या प्रमाणात आंबवत नाहीत, आणि एकाच गाठीतही भाग वेगवेगळे वागतात. शिवाय ही युक्ती कॅन्सरनं शोधलेली नाही. संसर्ग झाल्यावर भराभर वाढणाऱ्या आपल्या रोगप्रतिकारक टी पेशीसुद्धा ऑक्सिजन असताना ग्लुकोज आंबवतात. म्हणून आंबवण्याची वाट सरसकट बंद करणारं औषध गाठीबरोबर तिच्यावर चालून जाणाऱ्या याच पेशींनाही अडवू शकतं.