पूर्वसंदेश-दृश्यता

पूर्वसंदेश-दृश्यता : ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या सदस्याला त्याच्या येण्याआधीचे संदेश दिसतात का, दिसत असतील तर किती मागचे, हे ठरवणारी चॅट ॲपमधील व्यवस्था. ही व्यवस्था दोन वेगळ्या पायांवर उभी असते. काही ॲपांत सर्व संवाद सर्व्हरवर साठलेला असतो आणि नव्या सदस्याला तो दाखवायचा की नाही हा केवळ परवानगीचा प्रश्न असतो. इतर ॲपांत संदेश कूटबद्ध, म्हणजे किल्लीविना न वाचता येणारे असतात, आणि जुने संदेश उलगडण्याची किल्लीच नव्या सदस्याकडे नसते. पडद्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, पण परवानगी उद्या बदलता येते आणि न मिळालेली किल्ली मागाहून आपोआप मिळत नाही. नाजूक चर्चेच्या दृष्टीने हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे.

उगम : ऑगस्ट 1988 मध्ये फिनलंडमधील औलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केलेल्या आयआरसी या इंटरनेटवरील गप्पांच्या प्रणालीत जुने संदेश दिसण्याचा प्रश्नच नव्हता. सर्व्हर संदेश पुढे पाठवून मोकळा होई. चॅनेलमध्ये शिरणाऱ्याला शिरल्या क्षणापासूनचेच बोलणे मिळे, आणि मागचे हवे असल्यास कुणाच्या तरी संगणकावरील नोंदवही मागावी लागे. एक्सएमपीपी या संदेशवहन प्रणालीतील बहुसदस्यीय कक्षांच्या नियमांनी (साधारण 2002 पासून) शिरताना अलीकडचे काही संदेश देण्याची सोय केली. किती द्यायचे हे बहुतांशी सर्व्हरवर सोडलेले होते. पुढे कार्यालयीन ॲपांनी पूर्ण इतिहास शोधता येणे हेच आपले बलस्थान मानले.

व्हॉट्सॲपमध्ये नव्या सदस्याला जुने काही दिसत नाही, यामागे मुळात गोपनीयतेचा विचार होता की ती जुन्या रचनेची देणगी आहे, याबद्दल दोन मते आढळतात. पहिले मत त्याचा संबंध एप्रिल 2016 मध्ये पूर्ण झालेल्या टोकापासून टोकापर्यंतच्या कूटबद्धतेशी जोडते, म्हणजे संदेश केवळ पाठवणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या उपकरणावरच वाचता येण्याशी. मात्र त्या ॲपमध्ये ग्रुप 2011 पासून आहेत आणि संदेश पोहोचला की सर्व्हरवरून काढून टाकण्याची पद्धतही कूटबद्धतेपेक्षा जुनी आहे. सर्व्हरकडे जुने संदेश नव्हतेच, म्हणून नव्या सदस्याला देण्यासारखेही काही नव्हते. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते : सवय आधी पडली, 2016 नंतर तिला गणिती आधार मिळाला.

किल्लीवर आधारलेली पद्धत : व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये प्रत्येक सदस्य स्वतःची एक प्रेषक-किल्ली तयार करतो आणि ती इतर प्रत्येकाला स्वतंत्रपणे कूटबद्ध करून पाठवतो. तिच्यातील साखळी-किल्लीपासून एका संदेशाची किल्ली काढली की साखळी एक पाऊल पुढे सरकते. हे पाऊल एकाच दिशेने पडते. 50 व्या पायरीची किल्ली हाती असेल तर 51 वी काढता येते, 49 वी नाही. नवा सदस्य आल्यावर इतरांचे फोन त्याला साखळीची चालू पायरी देतात. म्हणून पुढचे सर्व वाचता येते आणि मागचे बंद राहते. कुणी ग्रुप सोडला की सर्वांच्या प्रेषक-किल्ल्या टाकून नव्या केल्या जातात, कारण गेलेल्याकडे पुढच्या पायऱ्या काढण्याचे साधन असते. सिग्नल या चॅट ॲपमध्येही नव्या सदस्याला जुने संदेश मिळत नाहीत. जुलै 2023 मध्ये आरएफसी 9420 या इंटरनेट दस्तऐवजात प्रसिद्ध झालेल्या एमएलएस या ग्रुप-कूटबद्धतेच्या मानकात सदस्यत्व बदलले की नव्या किल्ल्यांचे नवे पर्व सुरू होते आणि नव्या सदस्याला आपल्या पर्वापासूनच्याच किल्ल्या मिळतात.

हे बंधन फोन हाताळणाऱ्या माणसाला लागू नाही. ज्याच्याकडे जुने संदेश आहेत तो ते पुढे पाठवू शकतो. व्हॉट्सॲपने अलीकडे याच गोष्टीला अधिकृत रूप दिले. नव्या सदस्याला जोडताना जोडणारा शंभरापर्यंत ताजे संदेश त्याला देऊ शकतो आणि तसे दिल्याचे ग्रुपमध्ये सर्वांना कळते. सर्व्हरकडे ते संदेश आजही नसतात, ते सदस्याच्या फोनमधून जातात. तरीही ‘व्हॉट्सॲपवर जुने दिसत नाही’ ही वर्षानुवर्षांची समजूत आता पूर्णतः खरी राहिलेली नाही, हे नाजूक विषयांच्या ग्रुपांनी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

परवानगीवर आधारलेली पद्धत : टेलिग्रामचे ग्रुप टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात, ते सर्व्हरवर असतात. साध्या ग्रुपमध्ये इतिहास ‘लपवलेला’ ठेवला तरी नव्या सदस्याला मागचे शंभरापर्यंत संदेश मिळू शकतात. मोठ्या ग्रुपमध्ये, ज्याला सुपरग्रुप म्हणतात, लपवलेला म्हणजे खरोखर काहीच नाही. एकाच शब्दाखाली दोन वेगळे अर्थ असल्याने इथे फसगत होते. सार्वजनिक ग्रुपचा इतिहास तर सदस्य नसलेल्यालाही वाचता येतो. अॅडमिनने खाजगी ग्रुप सार्वजनिक केला तर बंद दाराआड बोललेले उघड्यावर येते. स्लॅक या कार्यालयीन ॲपच्या खाजगी चॅनेलमध्ये नव्या सदस्याला पहिल्या दिवसापासूनचे सर्व दिसते. विनामूल्य योजनेत ते 90 दिवसांपुरते असते. मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या ग्रुप चॅटमध्ये जोडणाऱ्यालाच विचारले जाते : इतिहास नको, ठरावीक दिवसांचा द्यायचा, की सगळा. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर ही परवानगी सदस्याला नेमून दिलेल्या भूमिकेनुसार मिळते.

मॅट्रिक्स : दृश्यतेचा नियम सर्वांत बारकाईने लिहिलेला आढळतो तो मॅट्रिक्स या खुल्या प्रणालीत. कक्षाच्या `m.room.history_visibility` या नोंदीत चारपैकी एक मूल्य असते. `joined` असेल तर सदस्य झाल्यापासूनचे, `invited` असेल तर निमंत्रण मिळाल्यापासूनचे, `shared` असेल तर सदस्याला मागचेही सर्व, आणि `world_readable` असेल तर कुणालाही. काहीच ठरवले नसेल तर `shared` धरले जाते. प्रत्येक संदेशाला तो लिहिला गेला त्या वेळचे मूल्य चिकटते. समजा सोमवारी `shared` असताना चर्चा झाली, मंगळवारी कुणी घाबरून `joined` केले आणि बुधवारी नवा सदस्य आला. मंगळवारनंतरचे आणि त्याच्या येण्याआधीचे बोलणे त्याला दिसणार नाही, पण सोमवारचे दिसेल. ज्या बोलण्यासाठी सेटिंग बदलले तेच उघडे राहते. उलट बाजूने हाच नियम संरक्षकही ठरतो : `joined` असताना लिहिलेले पुढच्या अॅडमिनला एका बटणाने खुले करता येत नाही. टेलिग्रामच्या सुपरग्रुपमध्ये मात्र लपवलेला इतिहास दृश्य केला की मागचे सर्व खुले होते.

कूटबद्ध कक्षात यावर किल्लीचा दुसरा थर चढतो. सर्व्हरने जुना संदेश दिला तरी किल्ली नसेल तर त्या जागी उलगडता न आलेल्या संदेशाची खूण दिसते. कोण किती वाजता बोलले हे मात्र तेवढ्यावरूनही कळते.

गळतीच्या वाटा : लपवलेला इतिहास बहुधा उद्धृत उत्तरांतून बाहेर येतो. व्हॉट्सॲप व सिग्नलमध्ये जुन्या संदेशाला उत्तर दिले की मूळ मजकुराची प्रत उत्तरासोबत जाते. नव्या सदस्याला मूळ संदेश मिळालेला नसतो, उद्धृत तुकडा मिळतो. तो तुकडा उत्तर देणाऱ्याच्या उपकरणातून आलेला असतो आणि मुळाशी ताडून पाहण्याचे साधन नव्या सदस्याजवळ नसते. 2018 मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी व्हॉट्सॲपमधील उद्धृत मजकूर बदलून दाखवला होता. तेव्हा नाजूक विषयावर नवा माणूस आल्यानंतर जुन्या संदेशाला थेट उत्तर देणे दोन्ही अंगांनी घातक ठरते.

नाजूक चर्चा, एक उदाहरण : कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळासंबंधीच्या 2013 च्या अधिनियमाखाली नेमलेल्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. कलम 16 नुसार तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीची कार्यवाही जाहीर करण्यास मनाई आहे. समजा चार जणांच्या समितीचा एकच ग्रुप आहे. त्यात दोन मिटलेल्या तक्रारी आणि एक चालू चौकशी यांबद्दल बोलणे झाले आहे. एकीची मुदत संपते, नवी सदस्य येते, आणि ती मिटलेल्या एका तक्रारीतील प्रतिवादीच्या विभागातली आहे. स्लॅकच्या खाजगी चॅनेलवर ग्रुप असेल तर तिला त्या साक्षीदारांची नावे आणि सदस्यांनी घाईत लिहिलेली मते दोन्ही वाचता येतील. टीम्सवर हे जोडणाऱ्याने निवडलेल्या पर्यायावर ठरेल. दिवसांची मर्यादा घातली तरी ती विषय पाहत नाही, गेल्या आठवड्यातले जुन्या तक्रारीबद्दलचे वाक्यही त्यात येते. व्हॉट्सॲपवर कुणी मुद्दाम न दिल्यास काही जाणार नाही. पण मग चालू चौकशीत ती कोऱ्या पाटीने बसेल आणि कुणीतरी आपल्या शब्दांत सांगितलेला सारांश तिच्यासाठी पुरावा बनेल. हाही अन्यायच आहे, तक्रारदारावर आणि प्रतिवादीवर.

यावर सर्वांत भरवशाचा मार्ग साधा आहे : प्रत्येक तक्रारीसाठी वेगळा ग्रुप, सदस्य बदलला तर जुन्यात न जोडता नवा ग्रुप, आणि जबाब व निर्णय चॅटमध्ये न ठेवता सही केलेल्या कागदांत. नव्या सदस्याने कागद वाचावेत. चॅट तारखा ठरवण्यापुरते असावे.

मर्यादा : जानेवारी 2018 मध्ये बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर ताबा असलेला कुणीही अॅडमिनच्या संमतीशिवाय ग्रुपमध्ये सदस्य घुसवू शकतो, कारण सदस्यत्वाचा बदल अॅडमिनच्या सहीने सिद्ध करावा लागत नव्हता. इतरांचे फोन घुसखोरालाही किल्ल्या देत. जुने संदेश सुरक्षित राहत, पुढचे नाही. नव्या सदस्याची सूचना तेवढी ग्रुपमध्ये उमटे, आणि शेकडो जणांच्या ग्रुपमध्ये ती कोण वाचतो, हा प्रश्न उरे. मार्च 2025 मध्ये अमेरिकी सुरक्षा अधिकाऱ्यांच्या सिग्नल ग्रुपमध्ये ‘द अटलांटिक’चे संपादक जेफ्री गोल्डबर्ग चुकून जोडले गेले, तेव्हा येमेनवरील हल्ल्याची चर्चा व्हायची होती. त्यामुळे पूर्वसंदेश झाकलेले असण्याचा काही उपयोग झाला नाही. ग्रुपमधील काही संदेश एका आठवड्याने, काही चार आठवड्यांनी नाहीसे होतील असे ठरवलेले होते. तेवढ्या अवधीत ते गोल्डबर्ग यांना वाचता आले.

ग्रुप सोडणाऱ्याच्या बाबतीत चित्र बरोबर उलटे होते. व्हॉट्सॲपमधून काढलेल्या सदस्याच्या फोनवर तोवरचे सर्व संवाद राहतात. स्लॅकच्या खाजगी चॅनेलमधून किंवा टेलिग्रामच्या खाजगी सुपरग्रुपमधून काढलेल्याला मात्र मागचेही दिसेनासे होते.