दाव्याची लांबी आणि पुराची उंची

पुरानंतर गोठ्यात मेलेली जनावरे सापडतात, तेव्हा अनेकदा त्यांच्या गळ्यातले दावे खुंट्याला तसेच बांधलेले असते. गायी-म्हशींना पोहता येते. पोटातल्या मोठ्या कोठीत, म्हणजे रोमंथिकेत, साठलेल्या वायूमुळे त्यांचे धड पाण्यावर बऱ्यापैकी तरंगतेही. मात्र दावे जमिनीलगतच्या खुंट्याला बांधलेले असले, की हे तरंगणे उपयोगाचे राहत नाही. दावे दीड मीटर लांब असेल, तर गळा जमिनीपासून दीड मीटरपेक्षा वर जाऊ शकत नाही. पाणी त्याहून चढले की शरीर वर उचलले जाते आणि डोके मात्र खाली ओढलेले राहते. साखळीने बांधलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हेच फार लवकर घडते, कारण त्याची साखळी बहुधा आखूड असते.

यात गाठीचाही वाटा आहे. सुताचे किंवा काथ्याचे दोर भिजल्यावर फुगतात, आणि घाबरलेले जनावर हिसके देत राहिल्याने गाठ इतकी आवळते की अंधारात, गार पडलेल्या बोटांनी ती सुटत नाही. म्हणून दोराचे मोकळे टोक सरळ ओवून न घेता त्याचा दुमडलेला फास गाठीतून काढावा, म्हणजे ते टोक ओढताच गाठ उलगडते. ही गाठ पावसाळ्यापुरती नव्हे, रोजच बांधावी, कारण ऐनवेळी हात सवयीचीच गाठ बांधतात. दाव्याला ताण असताना ती एकदा सोडून पाहावी, आणि तरीही गोठ्याच्या दाराशी, हाताला येईल अशा उंचीवर, एक कोयता टांगलेला असावा.

आता वेळेचा हिशोब मांडू. समजा, गोठ्यात तीन गायी, एक कालवड आणि दोन वासरे आहेत, उंचावरची सुरक्षित जागा दोन किलोमीटरवर आहे आणि जनावरे नेणारी माणसे दोन आहेत. एका माणसाला पावसात दोनच जनावरे आवरता येतात, म्हणजे दोन खेपा आल्या. जनावरांसह चिखलातून जायला एक तास, रिकाम्या हाताने परतायला अर्धा तास आणि पुन्हा जायला एक तास लागेल. त्यात दावी सोडण्याचा, बिथरलेल्यांना शांत करण्याचा अर्धा तास मिळवला, की एकूण तीन तास होतात. पहिल्या खेपेत दोन्ही वासरे आपापल्या आयांसह न्यावीत, कारण वासरू पुढे चालवले तर गाय सहसा ओढावी लागत नाही. मागे कालवड आणि तिसरी गाय अशी जोडी राहते, हेही बरे, कारण कळपातले जनावर एकटे उरले की फार बिथरते. वर पोचलेली जनावरे सांभाळायला तिसरा माणूस मात्र हवाच.

लोक चुकतात ते इथे: नजर गोठ्याच्या उंबऱ्यावर असते, पण निर्णय ठरतो वाटेतल्या सर्वांत सखल जागेवर. ती जागा उंबऱ्यापेक्षा एक मीटर खाली असेल आणि पाणी तासाला वीस सेंटिमीटर चढत असेल, तर गोठ्यात पाणी येण्याच्या पाच तास आधीच वाट बुडते. म्हणजे पहिले जनावर पाणी उंबऱ्याला लागण्याच्या आठ तास आधी, बहुधा कोरड्या गोठ्यातून, निघायला हवे. त्या सखल जागेवर एक खूण रोवून ठेवली, तर हा निर्णय अंदाजावर राहत नाही.

वेळ हुकलीच, तर सगळी दावी सोडावीत, लोंबणारे दोर काढून टाकावेत कारण ते फांद्यांत आणि कुंपणात अडकतात, आणि उंचवट्याच्या बाजूचे फाटक उघडे ठेवावे. कानातल्या बिल्ल्यांचे क्रमांक आणि छायाचित्रे आधीच टिपलेली असली, तर नंतर ओळख पटवणे सोपे जाते. आगीत एक फरक आहे. बाहेर काढलेले जनावर, विशेषतः घोडा, ओळखीच्या जागेकडे म्हणजे जळत्या गोठ्याकडेच परत धावू शकते, म्हणून ते बाहेर पडताच मागचे दार लावून घ्यावे.

सुरक्षित जागी पोचल्यावर पाण्याची गरज पहिली असते. दुभत्या गायीला दिवसाला पन्नास लिटर धरले, तरी तीन गायींना दीडशे लिटर लागतात. पुराचे पाणी त्यांना पाजू नये, कारण त्यात मलमूत्र, कीटकनाशके आणि रोगजंतू मिसळलेले असतात. वैरण कमी पडली म्हणून मदतीत आलेले धान्य एकदम पोटभर घालणे धोक्याचे असते. रोमंथिकेतले जीवाणू त्यातल्या स्टार्चपासून झपाट्याने आम्ल तयार करतात आणि सवय नसलेले जनावर त्याने मरूही शकते. त्यापेक्षा अर्धपोटी कोरडी वैरण बरी. दूध विकता येणार नसले तरी धारा काढायच्या असतात, नाहीतर तुंबलेल्या कासेत कासदाह सुरू होतो. पहिल्या धारा काळ्या कापडावर काढल्या, तर दुधातल्या बारीक गुठळ्या कंदिलाच्या उजेडातही दिसतात.