थुंकी ‘निगेटिव्ह’, औषध मात्र चालूच

समजा, ४५ किलो वजनाचा एक रिक्षाचालक तीन आठवडे खोकतोय. संध्याकाळी ताप येतो, वजन उतरलंय. दवाखान्यात त्याला डबी मिळते. तिच्यात तोंडातली लाळ नको, छातीतून खाकरून काढलेला बेडका हवा. नमुना लाळेचा असेल तर टीबी असूनही रिपोर्ट चुकू शकतो.

सीबीनॅट यंत्र साधारण दोन तासांत जंतूंचा डीएनए शोधतं आणि त्यांच्यावर रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध चालेल का, तेही सांगतं. सूक्ष्मदर्शकाखाली रिपोर्ट ‘३ प्लस’ येतो, म्हणजे नजरेच्या एकेका टप्प्यात दहाहून जास्त जंतू.

औषधं सुरू होतात. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, या वजनाला रोज तीन. पुढचे चार महिने त्यातलं पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधं. लघवी नारिंगी होते. तो रिफाम्पिसिनचा रंग, घाबरायचं कारण नाही. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण यकृताला त्रास झालेला असू शकतो.

दोन महिन्यांनी थुंकी निगेटिव्ह येते. खोकला थांबलेला, वजन वाढलेलं. बरेच जण गोळ्या सोडतात ते इथेच. पण सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटर थुंकीत ते सुमारे पाच ते दहा हजार असावे लागतात. त्याहून कमी असले, तर रिपोर्ट निगेटिव्हच. (या टप्प्यावर सीबीनॅटचाही उपयोग नाही, ते मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा पकडतं.)

त्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड भराभर वाढणाऱ्या जंतूंना पहिल्या काही दिवसांतच मारतं. म्हणूनच लवकर बरं वाटतं. उरतात ते जवळजवळ निद्रिस्त जंतू. ते अधूनमधून जागे होतात, तेव्हा रिफाम्पिसिन त्यांना गाठतं. हे काम महिनोन्‌महिने चालतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मॉक्सिफ्लॉक्सासिन वापरून उपचार चार महिन्यांवर आणून पाहिले. थुंकी लवकर साफ झाली, तरी नंतर रोग उलटण्याचं प्रमाण सहा महिन्यांच्या उपचारापेक्षा जास्तच निघालं.

गोळ्या पूर्ण सोडल्या तर रोग उलटतो, पण तेव्हाचे जंतू बहुधा जुन्या औषधांना दाद देतात. माझ्या मते जास्त धोकादायक आहे ते धरसोडीनं घेणं. साधारण दहा लाखांत एखादा जंतू आयसोनियाझिडला जन्मतःच दाद देत नाही आणि फुफ्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. चारही औषधं रोज पोटात गेली, तर एकाला चुकलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. खाडे होत राहिले की अशा जंतूंनाच वाढायला वाव मिळतो. मग सीबीनॅटवर ‘रिफाम्पिसिन रेझिस्टन्स’ दिसतो आणि वेगळी, जास्त त्रासदायक औषधं घ्यावी लागतात.

आपल्या रिक्षाचालकाची थुंकी सहाव्या महिन्याअखेर पुन्हा तपासतील. त्यानंतरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, त्याला तपासणीला बोलावतील.