वाळूजचा पाइप देगलूरला कितीला पडतो?

पीव्हीसी पाइपाची गाडी भरते तेव्हा खरं तर ती अर्धीअधिक हवेने भरलेली असते. वजनाची मर्यादा गाठायच्या आधीच जागा संपते. म्हणून कारखान्यात लहान व्यासाचे पाइप मोठ्या पाइपांच्या पोटात सरकवून गाडी भरतात. त्याने भाडं थोडं वाचतं, पण सळईच्या तुलनेत पाइपाला मालाच्या किमतीच्या मानाने भाडं जास्तच बसतं. त्यामुळे वाळूज एमआयडीसीत पाइप बनवून मराठवाडाभर डीलरांमार्फत विकणाऱ्या कारखानदाराला एक निर्णय टाळता येत नाही: हे भाडं कोणाच्या माथी मारायचं?

एक नमुना घेऊ. आकडे गृहीत आहेत, हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल घेतले आहेत. एका गाडीत चार लाखांचा माल बसतो. वाळूजहून जालन्याला भाडं 6,000 रुपये, परभणीला 14,000 आणि तेलंगणाच्या सीमेलगतच्या देगलूरला 22,000. महिन्याला दहा गाड्या जातात: पाच जालन्याला, तीन परभणीला, दोन देगलूरला.

बहुतेक कारखानदारांच्या मनात पहिल्यांदा येतो तो सर्वांना एकच पोहोच भाव. एकूण भाडं 1,16,000 होतं, म्हणजे गाडीमागे सरासरी 11,600. सगळीकडे 4,11,600 ला गाडी पोहोच. भावपत्रक एकच, डीलरांची कुरकुर नाही, जाहिरातीत किंमत छापता येते. पण जालन्याचा व्यापारी इथे गाडीमागे 5,600 रुपये देगलूरच्या भाड्यासाठी भरतो आहे. त्याला ते सांगितलेलं नाही, इतकंच.

ते त्याला कळतं तेव्हा शेजारचा एखादा कारखाना खरं भाडं लावून 4,06,000 ला गाडी देत असतो. समजा आपल्या जालन्याच्या गाड्या पाचावरून दोनवर आल्या. आता सात गाड्यांचं भाडं 98,000 आणि सरासरी 14,000. गाड्या कमी झाल्या आणि प्रत्येक गाडी महाग झाली, कारण जवळचा माल गेला आणि लांबचा उरला. तोटा भरायला भाव 4,14,000 केला की जालन्याच्या उरलेल्या दोन गाड्याही जातात. मग सरासरी 17,200 वर पोहोचते आणि परभणीचा डीलर आपल्या खऱ्या भाड्यापेक्षा 3,200 जास्त भरू लागतो. पुढची पाळी त्याची. लांबच्या गिऱ्हाइकाची संख्या वाढलेली नसतानाही धंद्यातला त्याचा वाटा वाढत जातो. विक्रीच्या तक्त्यात हे ‘देगलूर बाजार मजबूत’ असं दिसतं, ही यातली खरी गंमत.

हाच प्रकार देशाच्या पातळीवर सरकारने करून पाहिला आहे. 1956 पासून पोलादासाठी भाडे समानीकरणाचं धोरण होतं: पोलाद देशात कुठेही घेतलं तरी भाड्याचा भार सारखाच. लोहखनिज आणि कोळसा ज्यांच्या अंगणात होता त्या बिहार, बंगाल, ओडिशाचा जवळीकीचा फायदा त्यात बुडाला, आणि पोलाद वापरणारे कारखाने पश्चिमेला व दक्षिणेला उभे राहू शकले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते धोरण संपलं. तिथे जालन्याच्या डीलराची जागा बिहारने घेतली होती. फरक एवढाच, की बिहारला पुरवठादार बदलता येत नव्हता.

याचं दुसरं टोक म्हणजे एक्स-फॅक्टरी भाव: माल वाळूजच्या गेटवर चार लाखांना, पुढचं भाडं ज्याचं त्याने पाहावं. हिशेबाला याहून स्वच्छ काही नाही. मात्र अशा भावाने देगलूर हातचं जातं, कारण नांदेडहून देगलूरकडे जाणारा रस्ता पुढे हैदराबादला जातो आणि तिकडून येणाऱ्या पाइपाला भाडं कमी बसतं.

म्हणून बहुतेक जण मधला मार्ग धरतात, विभागवार भाव. जालना जिल्हा पहिल्या विभागात, तिथे भाडं 6,000 धरायचं. परभणी दुसऱ्या विभागात, तिथे 14,000. जवळच्याला लांबच्याचा भार नाही आणि पत्रकही आटोपशीर राहतं. अडचण येते ती रेषेवर. परतूर जालना जिल्ह्यात आणि सेलू परभणी जिल्ह्यात. दोन्ही एकाच रेल्वेमार्गावरची शेजारची गावं. कागदावर मात्र त्यांच्या भावात गाडीमागे 8,000 रुपयांचा फरक. सेलूचा शेतकरी परतूरला जाऊन पाइप घेणार नाही असं कोणी धरून चालत असेल, तर त्याने हंगामात त्या रस्त्यावर उभं राहून ट्रॅक्टर मोजावेत. विभागाची रेषा जिल्ह्याच्या हद्दीवर ओढायची सवय कारकुनी सोयीची आहे. शेतकरी कोणत्या बाजारपेठेला जातात हे पाहून ती ओढली, तर गळती निम्मी होते असा माझा अंदाज आहे.

आता देगलूरकडे वळू. हैदराबादकडचा प्रतिस्पर्धी कारखान्यात आपल्याइतक्याच भावाने विकतो आणि त्याचं भाडं 15,000. त्याची गाडी देगलूरला 4,15,000 ला पडते, आपली 4,22,000 ला. तिथे टिकायचं तर 7,000 रुपये भाडं आपण सोसायला हवं. मालकाचा तोंडी हिशेब असा असतो: कच्चा माल, वीज, पॅकिंग असा गाडीबरोबर वाढणारा खर्च साडेतीन लाख, म्हणजे पन्नास हजार सुटतात. त्यातले सात गेले तरी त्रेचाळीस उरले. घ्या ऑर्डर.

ही आकडेमोड अर्धवट आहे, कारण डीलरला दिलेल्या सवलती तिच्यात नाहीत. बिलावरचा भाव मुळात छापील पत्रकावरून सूट वजा करून आलेला असतो. 40 टक्के आणि वर 10 टक्के म्हटलं की ऐकणाऱ्याला 50 टक्के वाटतात. पण दुसरी सूट उरलेल्या 60 रुपयांवर बसते, म्हणून शंभराचे 54 होतात, 50 नाही. ही सूट बिलातच कापली जाते, त्यामुळे तिच्याबद्दल फसगत फारशी होत नाही. बिलानंतर निघणाऱ्या सवलतींचं तसं नसतं. त्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या क्रेडिट नोटांमधून जातात.

देगलूरची गाडी 4,15,000 ला पोहोचली. त्यातून ट्रकवाल्याला 22,000 दिले, उरले 3,93,000. आठ दिवसांत पैसे दिल्याबद्दल डीलरने 3 टक्के कॅश डिस्काउंट घेतला, 12,450. वर्षअखेरीच्या टर्नओव्हर स्कीमचे 2 टक्के, 8,300. दुकानाचा बोर्ड आणि प्लंबर-मिस्त्रींच्या मेळाव्याचा खर्च म्हणून गाडीमागे 4,000. हातात राहिले 3,68,250. साडेतीन लाख वजा केले की उरतात 18,250. त्रेचाळीस हजार नव्हेत.

यात एक बारीक चूक लपलेली आहे. टक्केवारीच्या दोन्ही सवलती पोहोच भावावर दिल्या, म्हणजे त्या भाड्यावरही दिल्या. डीलरच्या भावात धरलेल्या 15,000 भाड्यावर 5 टक्के, म्हणजे 750 रुपये आपण परत केले. ट्रकवाल्याने मात्र भाड्यात एक पैसा सोडलेला नाही. बिलात मालाची किंमत आणि भाडं वेगळं दाखवून ‘सवलत फक्त मालावर’ असं डीलरशी आधीच लेखी ठरवलं की ही गळती बंद होते. जीएसटी दोन्हींवर तसाच लागतो, त्यात बदल होत नाही.

हे एवढे दिवस दिसत का नाही? कारण वहीत भाडं ‘वाहतूक खर्चा’त जातं, कॅश डिस्काउंट ‘दिलेली सूट’ या खात्यात, बोर्ड ‘जाहिराती’त. प्रत्येक खातं स्वतंत्रपणे बरोबर असतं. डीलरवार, गाडीवार बेरीज मात्र कोणी करत नाही. ती केली की जालन्याच्या गाडीत, त्याच सवलती धरून, 25,700 सुटतात असं दिसतं. मग देगलूरचा निर्णय सोपा होतो. पावसाळ्यात पाइपाला उठाव नसतो, यंत्रं रिकामी असतात, तेव्हा 18,250 सुद्धा शून्यापेक्षा बरे. पण उन्हाळ्यात, विहिरी-बोअरच्या पाइपलाइनींची घाई असताना, देगलूरला पाठवलेली प्रत्येक गाडी जालन्याची एक गाडी मागे ठेवत असेल, तर गाडीमागे 7,450 रुपयांचं नुकसान आहे. म्हणजे भाडं सोसायचं की नाही हे देगलूरच्या अंतराइतकंच यंत्रावर जागा आहे का, यावरही ठरतं. सोसायचंच तर ते मुदतीचं असावं, ‘30 सप्टेंबरपर्यंतच्या ऑर्डरींसाठी’ असं लेखी. बिनमुदतीची सवलत दोन हंगामांत डीलरचा हक्क होऊन बसते.

सगळ्यांत खोडसाळ सवलत टर्नओव्हर स्कीमची. तिची नेहमीची अट अशी: वर्षात 20 गाड्या उचलल्या तर पहिल्या गाडीपासून सर्व खरेदीवर 2 टक्के. परतूरचा डीलर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 18 गाड्यांवर उभा आहे. अजून दोन उचलल्या की 80 लाखांवर 2 टक्के, म्हणजे 1,60,000 मिळणार. ते सगळे या दोन गाड्यांनी मिळवून दिलेले. आठ लाखांच्या मालावर ही सूट 20 टक्के झाली! हा माल त्याने खरेदीच्या खाली 10 टक्क्यांनी जरी विकला, तरी 80,000 घालवूनही निव्वळ 80,000 कमावतो. त्याच्या स्वतःच्या गिऱ्हाइकाला तेवढा पाइप मार्चअखेर नको असतो, म्हणून गाडी सेलूला जाते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सेलूच्या डीलरचा फोन येतो की तुमचाच पाइप माझ्या दारात माझ्यापेक्षा स्वस्त मिळतो आहे. खरं-खोटं तपासायला भांडायची गरज नाही. आयएस 4985 च्या पाइपावर बॅच नंबर छापलेला असतो. तो सेलूच्या दुकानातल्या पाइपावर वाचायचा आणि डिस्पॅचच्या वहीत कोणत्या डीलरच्या गाडीत गेला ते पाहायचं. तक्त्यातही खूण दिसते: मार्चमध्ये उसळी आणि एप्रिल-मेमध्ये, ऐन हंगामात, त्याच डीलरची खरेदी मंदावलेली.

उपाय पैसे कमी करण्याचा नाही. पहिल्या 12 गाड्यांवर काही नाही, तेराव्यापासून पुढच्या प्रत्येक गाडीवर 5 टक्के, अशी अट घाला. 20 गाड्यांवर डीलरला आठ गाड्यांचे, 32 लाखांवर 5 टक्के, म्हणजे तेवढेच 1,60,000 मिळतात. पण शेवटच्या दोन गाड्यांची कमाई आता 40,000 आहे, आणि 10 टक्के खाली विकायला 80,000 जातात. मार्चची उडी परवडत नाही.

गळती पूर्ण थांबते असं नाही. गाडीमागे 20,000 ची सवलत आणि विभागातल्या भावाचा 8,000 चा फरक मिळून परतूरच्या डीलरकडे अजून 28,000 रुपयांची जागा आहे, आणि सेलूपर्यंतचं भाडं त्याच्या छोट्याशा भागात भागतं. त्यासाठी स्कीमपेक्षा परतूर-सेलूमधली रेषाच हलवावी लागते, म्हणजे दोघांना एकाच विभागात टाकावं लागतं.