एक पोर्ट आणि दहा पोर्ट सारखे नाहीत

“घरचे सर्व्हर बाहेरून गाठायला वायरगार्ड या व्हीपीएनलाही राउटरवर एक पोर्ट उघडावाच लागतो, मग दहा उघडे ठेवले तर काय बिघडले?”

लातूरच्या घरातील प्रॉक्समॉक्स सर्व्हरच्या वेब पानाचा ८००६ आणि त्यावरील गेस्टचे, म्हणजे आभासी यंत्रांचे, एसएसएच पोर्ट बाहेर उघडले, की कोणाही अनोळखी माणसाला लॉगिनची खिडकी मिळते. वायरगार्डचा यूडीपी ५१८२० मात्र वैध किल्लीविना आलेल्या पॅकेटला उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तेथे काही चालू असल्याचेही कळत नाही. नांदेडमधील लॅपटॉपवर वायरगार्डच्या `AllowedIPs` मध्ये बोगद्याच्या पत्त्यांसोबत घरचे नेटवर्क `192.168.50.0/24` लिहिले, की सर्व गेस्ट त्याच मार्गाने गाठता येतात.

`wg show` मध्ये ताजा `latest handshake` दिसूनही, म्हणजे बोगदा जुळलेला असूनही, गेस्ट गप्प असेल, तर दोष बहुधा वायरगार्ड चालवणाऱ्या घरच्या यंत्रावरील आयपी फॉरवर्डिंगचा किंवा, हे हमखास विसरले जाते, गेस्टकडून परतीच्या मार्गाचा असतो.