‘पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले आहेत’ या वाक्यात काय चुकतं?

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने तिच्या व्यवसाय आराखड्याचा मसुदा मला वाचायला पाठवला. छोट्या दवाखान्यांसाठी ती एक अ‍ॅप तयार करते आहे. त्यात रुग्णांच्या अपॉइंटमेंट आणि जुन्या नोंदी राहतील. पैसे गुंतवू पाहणारी मंडळी तंत्रज्ञानातली नाहीत, म्हणून ‘तंत्रज्ञान’ हे प्रकरण तिने मुद्दाम सोपं ठेवलं होतं. कोणती साधनं वापरणार, कोणत्या महिन्यात काय बांधून होणार, माहिती सुरक्षित कशी राहणार आणि पुढे देखभाल कोण करणार, असे चार भाग होते. सुरक्षेच्या भागात पासवर्डबद्दल एकच वाक्य होतं : “सर्व पासवर्ड मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शनने जतन केले जातात.”

वाक्य भारदस्त आहे आणि ते खरं असेल, तर काळजीचं आहे. पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवायचेच नसतात.

आधी ‘मिलिटरी ग्रेड’चं बघू. हा शब्द बहुतेक वेळा एईएस-२५६ या पद्धतीसाठी वापरतात. पद्धत उत्तमच आहे, पण ती कोणालाही फुकट वापरता येते आणि आपल्या साध्या फोनमध्येही असते. त्या विशेषणातून उत्पादनाबद्दल काहीच कळत नाही. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चित्राचंही तसंच आहे. तुमच्या यंत्रापासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. सर्व्हरवर पोचल्यावर तो मजकूर कसा ठेवला जातो, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता मुख्य गोष्ट. एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप, आणि कुलपाला किल्ली असते. किल्ली लावली की मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. रुग्णाच्या नोंदींसाठी हेच हवं, कारण डॉक्टरांना त्या उद्या वाचायच्या असतात. पासवर्डचं तसं नाही. तो कोणालाच, कधीच परत वाचायचा नसतो. तुम्ही आत्ता टाइप केलेला पासवर्ड नोंदणीच्या वेळचाच आहे का, एवढं सर्व्हरला कळलं की काम झालं. आणि हे मूळ पासवर्ड माहीत नसतानाही कळू शकतं.

ही किमया हॅश नावाच्या गणिती क्रियेची. दळणाचा विचार करा. गहू दळून पीठ होतं, पण पिठापासून पुन्हा गहू होत नाही. हॅश तसाच एकेरी वाटेचा आहे. कोणताही मजकूर आत घाला, बाहेर ठरावीक लांबीची खूण येते. मजकूर तोच असेल तर खूण दर वेळी तीच, आणि एक अक्षर बदललं तरी खूण पार बदलते. शा-२५६ हा प्रसिद्ध हॅश घ्या. hello या शब्दाची खूण 2cf24dba अशी सुरू होते, तर Hello या शब्दाची 185f8db3 अशी. पूर्ण खूण दोन्हींची ६४ चिन्हांची. सर्व्हर फक्त ही खूण जपून ठेवतो. तुम्ही लॉगिन करताना दिलेला पासवर्ड तो पुन्हा दळतो, दोन खुणा जुळवून पाहतो आणि दार उघडतो.

एन्क्रिप्शन वापरल्यावर काय होतं, याचं मोठं उदाहरण २०१३ सालचं आहे. त्या वर्षी अ‍ॅडोबी कंपनीच्या ग्राहकांची फाइल चोरीला गेली आणि बाहेर फुटली. तिच्यात सुमारे १५ कोटी नोंदी होत्या. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, तेही सगळे एकाच किल्लीने, आणि सारख्या पासवर्डचं रूपांतर सारखंच दिसेल अशा पद्धतीने. शिवाय विसरल्यास आठवण म्हणून लोकांनी लिहिलेल्या सूचना शेजारीच उघड्या पडलेल्या होत्या. किल्ली फुटली नव्हती, तरी बरेच पासवर्ड कळले. एकच रूपांतर लाखो नावांपुढे दिसत होतं आणि त्या लाखोंपैकी कुणी ना कुणी सूचनेत उत्तरच लिहून ठेवलं होतं. शब्दकोडं सुटावं तसे पासवर्ड सुटत गेले. त्यात 123456 हा एकच पासवर्ड सुमारे १९ लाख खात्यांचा निघाला.

मग नुसता हॅश पुरतो का? नाही, आणि इथून पुढचा भाग मला फार आवडतो. चोराला पीठ उलटं फिरवता येत नाही, पण त्याला गहू दळून बघायला कोण अडवणार? तो नेहमीचे पासवर्ड घेतो, प्रत्येकाची खूण काढतो आणि चोरलेल्या यादीत शोधतो. एकदा केलेली ही यादी जगातल्या कुठल्याही चोरीच्या फाइलला लावता येते. त्यावर उपाय म्हणजे सॉल्ट, शब्दशः मीठ. दळण्याआधी प्रत्येक खात्याच्या पासवर्डमध्ये एक वेगळा, यादृच्छिक मजकूर मिसळायचा आणि तो खुणेशेजारीच लिहून ठेवायचा. तो गुप्त नसला तरी चालतं. आता दोघांचा पासवर्ड एकच असला तरी खुणा वेगळ्या येतात. आधी करून ठेवलेली यादी कुचकामी होते आणि चोराला प्रत्येक खात्यासाठी पहिल्यापासून दळत बसावं लागतं.

तरी एक भोक उरतंच, ते वेगाचं. शा-२५६ सारखे हॅश मुळात मोठ्या फाइली झटपट तपासण्यासाठी बनवलेले आहेत, त्यामुळे चोराचं दळणही झटपट होतं. हिशेब करून बघू. इंग्रजी लहान लिपीतली ८ अक्षरं घेतली तर पासवर्डचे २६ चा आठवा घात इतके पर्याय होतात, म्हणजे साधारण २०,८८३ कोटी. चोराकडचं यंत्र सेकंदाला १०० कोटी खुणा काढतं असं धरू. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे सहज जमतं. सगळे पर्याय संपायला २०९ सेकंद लागतील, म्हणजे साडेतीन मिनिटं.

म्हणून पासवर्डसाठी मुद्दाम संथ हॅश वापरतात. निएल्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी १९९९ साली मांडलेला बीक्रिप्ट हा त्यातला सर्वांत रुळलेला. २०१५ साली पासवर्ड हॅशिंगची एक खुली स्पर्धा जिंकलेला आर्गॉन२ हा त्याच्यानंतरचा. तो वेळेसोबत यंत्राची मेमरीही भरपूर खातो. बीक्रिप्टने ठेवलेली एक खूण अशी दिसते :

```
$2a$12$R9h/cIPz0gi.URNNX3kh2OPST9/PgBkqquzi.Ss7KIUgO2t0jWMUW
```

सुरुवातीचं 2a म्हणजे बीक्रिप्टची आवृत्ती. पुढची २२ चिन्हं म्हणजे मीठ, आणि शेवटची ३१ म्हणजे खरी खूण. या दोहोंच्या आधी जो 12 आहे, तो सगळ्यांत महत्त्वाचा. त्याला कॉस्ट म्हणतात. 12 म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात जात्याचे ४,०९६ फेरे. 13 केला की फेरे दुप्पट आणि वेळही दुप्पट. खऱ्या ग्राहकाला लॉगिन करताना सेकंदाचा एखादा तुकडा जास्त लागतो, त्याच्या ते लक्षातही येत नाही. चोराचं यंत्र मात्र अडकतं. तेच यंत्र आता सेकंदाला १०,००० च खुणा काढू शकतं असं धरा. मघाच्या साडेतीन मिनिटांच्या कामाला साधारण २४२ दिवस लागतील, तेही एका खात्यासाठी. दुसऱ्या खात्याचं मीठ वेगळं, म्हणून पुन्हा २४२ दिवस.

याला मर्यादाही आहेत. 123456 ठेवणाऱ्याला मीठ किंवा संथपणा वाचवू शकत नाही, कारण चोर सुरुवातच तिथून करतो. दुसरी मर्यादा कमी लोकांना माहीत असते. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच विचारात घेतो. इंग्रजीत ती ७२ अक्षरं झाली. पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं मोजली जातात. म्हणजे २४ चिन्हांवर गाडी थांबते. कुणी मराठीत लांबलचक वाक्य पासवर्ड म्हणून ठेवलं, तर त्याचं शेपूट अनेक साधनांमध्ये मुकाट्याने गळून पडतं.

आता मैत्रिणीच्या प्रकरणाकडे परत येतो, कारण या एका धाग्याने तिचे चारही भाग बांधले जातात. साधनांच्या भागात भाषेचं नाव आणि सर्व्हरची जागा लिहिली होती. तिथे पासवर्डसाठी वर्षानुवर्षं तपासली गेलेली तयार लायब्ररी वापरणार, की टीममधला कुणी स्वतःची पद्धत लिहिणार, हे यायला हवं होतं. स्वतःची लिहिणार असेल, तर मी एक पैसाही घालणार नाही. वेळापत्रकात ‘सुरक्षा’ आठव्या महिन्यात टाकली होती. पासवर्डची नोंद मात्र पहिल्या ग्राहकाच्या पहिल्या मिनिटाला होते, म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातलं. रुग्णांच्या नोंदींसाठी एन्क्रिप्शन योग्यच, पण त्याची किल्ली कुठे, हे तिने लिहिलं नव्हतं. किल्ली त्याच सर्व्हरवर, नोंदींच्या शेजारच्या फाइलमध्ये असेल, तर चोर दोन्ही एकदमच घेऊन जातो.

यातलं काहीच न समजणाऱ्या गुंतवणूकदारालाही एक तपासणी स्वतः करता येते. चालू नमुन्यात खातं उघडायचं आणि ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबायचं. नवा पासवर्ड ठेवण्यासाठी लिंक आली तर ठीक. तुमचा जुनाच पासवर्ड मेलमध्ये लिहून आला, तर तो सर्व्हरला परत वाचता येतो, हे तिथल्या तिथे सिद्ध झालं. लिंक आली म्हणजे आत सगळं नीट आहे असं मात्र ठरत नाही. त्यासाठी कॉस्टचा आकडा विचारावा लागतो.

देखभालीचा भाग तिने दोन ओळींत उरकला होता : त्रुटी आल्यास टीम दुरुस्त करेल. पण कॉस्ट हा आकडा त्रुटी न येताही जुना होतो. यंत्रं वेगवान होत जातात आणि आजचा 12 काही वर्षांनी तोकडा पडतो. तो वाढवायचा तर खुणेवरून नवी खूण काढता येत नाही, मूळ पासवर्ड हातात लागतो. तो सर्व्हरला लॉगिनच्या क्षणीच मिळतो. म्हणून त्या क्षणी जुन्या कॉस्टने पडताळणी करायची आणि लगेच नव्या कॉस्टने दळून जुनी खूण पुसायची. जे लोक लॉगिनच करत नाहीत, त्यांच्या खुणा जुन्याच राहतात. त्यांना ठरावीक मुदतीनंतर नवा पासवर्ड ठेवायला लावावा लागतो.

तिने तो भाग पुन्हा लिहून पाठवला. पासवर्डचं वाक्य आता असं आहे : “पासवर्ड आम्ही साठवत नाही, मीठ घातलेला बीक्रिप्ट हॅश साठवतो, कॉस्ट 12. दर वर्षी पहिल्या महिन्यात सर्व्हरची जबाबदारी असलेली व्यक्ती हा आकडा तपासेल आणि वर्षभर लॉगिन न झालेल्या खात्यांना नवा पासवर्ड ठेवायला लावेल.” त्या व्यक्तीचं नाव तिने पुढे लिहिलं आहे, आणि ती सोडून गेल्यास काम कोणाकडे जाईल त्याचंही.