‘लक्षात नाही’ आणि ‘आठवत नाही’

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आई मला दोनदा म्हणाली, “मला विसरायला व्हायला लागलंय गं.” तिचं वय अडुसष्ट. दोन्ही वेळा तिचा चेहरा सारखाच उतरला होता, पण दोन्ही वेळी मेंदूत जे घडलं होतं ते अगदी वेगळं होतं. मी मानसशास्त्र शिकवते, तरी हा फरक तिला नीट समजावून सांगायला मला पूर्ण संध्याकाळ लागली.

पहिला प्रसंग सकाळचा. मंडईजवळच्या बहुमजली पार्किंगमध्ये तिनं स्कूटर लावली, भाजी घेतली, तुळशीबागेत एक फेरी मारली आणि परत आली. पिशव्या सावरत ती थेट दुसऱ्या मजल्यावर गेली, कारण स्कूटर तिथेच आहे अशी तिची खात्री होती. तिथे स्कूटर नव्हती. पहिला मजला पाहिला, तिथेही नव्हती. शेवटी मला फोन केला. मी पोचले आणि आम्हाला ती तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खांबाला चिकटून उभी असलेली सापडली. स्कूटर समोर दिसल्यावरही आई म्हणाली, “इथे? मी इथे लावली? मला तर हा खांबसुद्धा पाहिल्यासारखा वाटत नाही.”

दुसरा प्रसंग दुपारचा. लक्ष्मी रोडवर तिला बँकेतली एक जुनी सहकारी भेटली. दहा मिनिटं गप्पा झाल्या, मुलांची चौकशी झाली, आणि निरोप घेताना आईच्या ध्यानात आलं की हिचं नावच आठवत नाहीये. “‘व’पासून आहे. तीन अक्षरी. विमल नाही, वसुधा नाही...” घरी येईपर्यंत हेच चालू होतं. रात्री तांदूळ धुताना, दुसऱ्याच कशाबद्दल बोलत असताना, नाव आपोआप ओठांवर आलं.

मराठीत या दोन अवस्थांना दोन शब्द आहेत, पण आपण ते सहज एकमेकांच्या जागी वापरतो. ‘माझ्या लक्षात नाही’ याचा शब्दशः अर्थ घेतला तर ती गोष्ट लक्षात, म्हणजे ध्यानाच्या आत, गेलीच नाही. ‘मला आठवत नाही’ म्हणजे ती आत आहे, पण हाताला लागत नाही. स्कूटरचा मजला पहिल्या प्रकारात मोडतो आणि मैत्रिणीचं नाव दुसऱ्या.

मजल्याचं काय झालं ते आधी पाहू. पार्किंगच्या चढावर असताना मावशीचा फोन आला होता आणि आई कानात इअरफोन घालून तिच्याशी बोलत होती. भिंतीवर रंगवलेला ‘३’ तिच्या डोळ्यांनी नक्की पाहिला असणार. पण डोळ्यांपुढून गेलेली गोष्ट आपण काही सेकंदच धरून ठेवतो, आणि तीही एका वेळी मोजक्याच गोष्टी. ती टिकायची असेल तर हिप्पोकॅम्पस नावाच्या भागानं ती उचलावी लागते. कानशिलाच्या आतल्या बाजूला, डावी-उजवीकडे एकेक, बोटाएवढा हा भाग असतो. मजल्याचा आकडा, खांब, त्या वेळचा उजेड, हातातली चावी हे सगळं मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळं नोंदलं जातं. ते एकाच प्रसंगाचे तुकडे आहेत असं बांधून ठेवणं हे हिप्पोकॅम्पसचं काम. त्या क्षणी आईचं ध्यान मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर होतं, त्यामुळे ते ऑपरेशन पक्कं बांधलं गेलं आणि मजला सुटा राहून विरून गेला. मावशीचं बोलणं तिला आजही शब्दन् शब्द सांगता येतं.

बांधणं म्हणजे पेशींच्या पातळीवर काय, तेही थोडं सांगते. दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या सांध्यावर एक दार असतं आणि त्यात मॅग्नेशियमचा विद्युतभारित कण बुचासारखा अडकलेला असतो. संदेश पाठवणारी पेशी आणि घेणारी पेशी, दोन्ही एकाच वेळी जोरात चेतल्या तरच बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. त्यातून त्या सांध्यावर संदेश पकडणारे रेणू वाढतात आणि पुढच्या वेळी तोच संदेश अधिक सहज पार होतो. १९७३ साली ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये असं बळकटीकरण तासन् तास टिकतं हे प्रसिद्ध केलं. पण ही पहिली बळकटी कच्ची असते. पेशीनं पुढच्या काही तासांत नवी प्रथिनं बनवून सांधा पक्का केला नाही, तर वाढलेले रेणू परत आत ओढले जातात आणि सांधा होता तसा होतो. दिवसभरातल्या बहुतेक गोष्टींचं असंच होतं. कालच्या बसमध्ये शेजारी कोण होतं, परवा भाजीवाल्यानं किती सुटे परत दिले, हे सांधे रात्रीपर्यंतसुद्धा टिकत नाहीत.

मग आई इतक्या खात्रीनं दुसऱ्या मजल्यावर का गेली? कारण आधीच्या रविवारी स्कूटर तिथे होती. आजची नोंद झालेलीच नव्हती, म्हणून जी जुनी, जवळपास तशीच नोंद हाताशी होती तीच आजची म्हणून पुढे आली. रोज तीच चावी, तीच औषधाची गोळी, तेच पार्किंग, अशा गोष्टींत हा घोळ फार होतो. आणि खात्री वाटते म्हणून आठवण खरी, असं धरून चालता येत नाही.

नावाची गोष्ट निराळी. पहिलं अक्षर येत होतं, अक्षरांची संख्या येत होती, चुकीची नावं आई ताबडतोब नाकारत होती. आत काहीच नसतं तर ‘वसुधा नाही’ हे तरी तिला कशावरून कळलं असतं? चेहरा, बँकेचं काउंटर, डबा खाण्याची जागा हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, पण नावाला असा आधार नसतो. नाव हा नुसता आवाज आहे, त्याचा त्या माणसाशी अर्थाचा संबंध नाही, म्हणून तिथपर्यंत जाणारी वाट एकच आणि बारीक असते. त्यात पुन्हा पुन्हा ‘वसुधा’ म्हटलं की ‘वसुधा’कडे जाणारी वाट रुळत जाते आणि खरं नाव आणखी मागे पडतं. तांदूळ धुताना ते आलं, याला हेही एक कारण असावं की तोवर आईनं ते शोधणं सोडून दिलं होतं.

हे दोन प्रकार घरच्या घरी ओळखायचे असतील तर वीस रुपयांची नोट खिशातून न काढता सांगा, तिच्या मागे कशाचं चित्र आहे? मी वर्गात विचारते तेव्हा बहुतेक हात खालीच राहतात. मग मी म्हणते, “आपल्या महाराष्ट्रातलंच आहे.” काही जण लगेच ओरडतात, “वेरूळ!” उत्तर बरोबर आहे, २०१९ पासूनच्या हिरवट-पिवळ्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत. पण इथे एक मेख आहे. ज्यानं ती नोट कधी पाहिलीच नाही, तोही ‘महाराष्ट्रातलं’ ऐकून वेरूळ म्हणू शकतो, कारण तो आठवत नसून तर्क करत असतो. म्हणून खूण अशी हवी की तिच्यावरून नुसता अंदाज बांधता येऊ नये. खुणेनं नाव झटकन आलं आणि सोबत ‘हो, हेच’ अशी ओळख पटली, तर गोष्ट आत होती. उत्तर समोर ठेवल्यावरही, आईला खांब पाहून झालं तसं, काहीच ओळखीचं वाटलं नाही, तर बहुधा ती आत गेलीच नव्हती.

‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. २०१५ साली एमआयटीमध्ये सुसुमू टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना एका पेटीत हलका विजेचा झटका दिला आणि लगेच नवी प्रथिनं बनू न देणारं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी ते त्याच पेटीत जवळपास निर्धास्त वावरत होते, म्हणजे आठवण पुसली गेली असंच कोणीही म्हटलं असतं. पण झटक्याच्या वेळी चेतलेल्या पेशी प्रकाशाला प्रतिसाद देतील अशी सोय आधीच केलेली होती, आणि त्या प्रकाशानं पुन्हा चेतवल्यावर तेच उंदीर भीतीनं थिजून उभे राहिले. सांधे पक्के झाले नव्हते, तरी त्या पेशींचं आपसातलं नातं शिल्लक होतं, फक्त पेटी पाहून तिथवर पोचता येत नव्हतं. म्हणजे खुणेला उत्तर मिळालं नाही म्हणून आत काहीच नाही, असं ठामपणे म्हणता येत नाही.

हीच गोष्ट जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये पेशींबद्दल काहीही माहीत नसताना पकडली होती. त्यांनी निरर्थक अक्षरगट पाठ केले, काही काळ जाऊ दिला आणि तेच पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो हे मोजलं. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के वेळ वाचला, एका दिवसानं ३४ टक्के, एकतीस दिवसांनी २१ टक्के. ‘माणूस एका दिवसात दोन तृतीयांश विसरतो’ असं जे जिथेतिथे सांगितलं जातं ते या आकड्यांचं चुकीचं वाचन आहे. किती अक्षरगट आठवले हे त्यांनी मोजलंच नव्हतं. समजा पहिल्यांदा हजार सेकंद लागले असतील, तर दुसऱ्या दिवशी साडेसहाशेच्या आसपास लागले. पाठ म्हणता येत नसलं तरी उरलेला ठसा काम हलकं करत होता. आणि घसरण सुरुवातीला तीव्र, मग फार संथ. पहिल्या तासात जे गळतं त्याच्या मानानं दुसऱ्या ते एकतिसाव्या दिवसात गळणारं अगदी थोडं.

आईची खरी भीती मात्र वेगळीच होती, आणि हा सगळा फरक मला तिच्यासाठीच सांगायचा होता. तिच्या मोठ्या बहिणीला अल्झायमर होता. त्या आजारात सहसा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतचा भाग लवकर पोखरला जातो, त्यामुळे नवी गोष्ट बांधलीच जात नाही आणि खूण देऊनही फारसा उपयोग होत नाही. म्हणून तपासणीत डॉक्टर शब्दांची यादी नुसती आठवायला सांगून थांबत नाहीत. शिकवताना प्रत्येक शब्दाकडे नीट लक्ष देववतात, ‘यातलं फळ कोणतं?’ असं विचारून, आणि नंतर आठवलं नाही तर तीच खूण परत देतात. खुणेनं शब्द येत असेल तर काळजी कमी. लक्ष देऊन शिकल्यावर आणि खूण दिल्यावरही येत नसेल, आणि असं वरचेवर होत असेल, तर पुढच्या तपासण्या करायच्या. मैत्रिणीचं नाव आईला न आठवणं काळजी कमी असलेल्या गटातलं. मजल्याच्या वेळी तर लक्षच दिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

“म्हणजे मी विसरले नाही, मी बघितलंच नाही,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “आणि ताईला माझ्याबरोबर परवा काय खाल्लं ते सांगूनही ओळखीचं वाटायचं नाही.” यावर मी काहीच बोलले नाही.

परवा मी तिच्याबरोबर मंडईत गेले होते. तिनं स्कूटर स्टँडवर लावली, फोन पर्समध्ये टाकला, चावी काढली आणि खांबावर तळहात टेकवून मोठ्यांदा म्हणाली, “पहिला मजला, जिन्याच्या समोर, बारा मार्च.”